मागे न फिरणारी दोन बोटं

‘खळबळजनक खबर’ एवढेच दोन शब्द घेऊ. यात काना नाही, मात्रा नाही, वेलांटी नाही, त्यामुळे अक्षरं मोजायला सोपी आहेत. आता या मजकुरातला असा सलग तुकडा शोधायचा, ज्यात एकही अक्षर दोनदा आलेलं नाही. असे तुकडे पुष्कळ निघतील, आपल्याला त्यातल्या सगळ्यात लांब तुकड्याची लांबी हवी आहे. दोन शब्दांमधली मोकळी जागा हेही एक अक्षरच धरायचं, कारण संगणक तीही एक खूण म्हणूनच साठवतो. आणि ‘सलग’ ही अट ढिली करायची नाही. ‘खळबळज’ मधला दुसरा ‘ळ’ गाळून ‘खळबज’ असा चार अक्षरांचा तुकडा जुळवला, तर तो चालणार नाही.

सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी मुलाखतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना हा प्रश्न चांगला ओळखीचा असतो. लीटकोड या सरावाच्या संकेतस्थळावर तो तिसऱ्या क्रमांकाचा आहे आणि तिथे मजकूर ५०,००० अक्षरांपर्यंत असू शकतो. पाठ केलेलं उत्तर लिहून देणारे अनेक जण असतात. पण त्या उत्तरातलं डावं बोट कधीच मागे का येत नाही, हे विचारलं की पुष्कळांची गाडी अडते. माझ्या मते या प्रश्नात समजून घेण्यासारखं जे काही आहे ते तिथेच आहे.

आधी सरळसोट रस्ता पाहू. मजकुराचे शक्य तेवढे सगळे सलग तुकडे काढायचे, प्रत्येकात अक्षर पुन्हा आलंय का ते तपासायचं आणि जे पास होतील त्यातला सगळ्यात लांब ठेवायचा. आपल्या मजकुरात ११ अक्षरं आहेत, त्यांचे ६६ तुकडे होतात. तेवढे हातानेही तपासता येतील. पण ५०,००० अक्षरांचे तुकडे १२५ कोटींच्या वर जातात, आणि प्रत्येक तुकडा आतून तपासण्याचं काम त्याहून वेगळं. उत्तर बरोबर येईल, पण ते येईपर्यंत कोणी थांबणार नाही.

मग एवढं काम नेमकं कुठे वाया जातं, ते शोधायला हवं. पहिल्या ‘ख’पासून निघा. ‘ख’ चालतं, ‘खळ’ चालतं, ‘खळब’ चालतं, पुढे ‘ळ’ येतो आणि ‘खळबळ’मध्ये ‘ळ’ दोनदा होतो. इथे थांबायला हरकत नाही. या तुकड्याला उजवीकडे आणखी कितीही अक्षरं जोडली तरी आतले दोन ‘ळ’ कुठे जाणार नाहीत. बिघडलेला तुकडा वाढवून सुधारत नाही.

आता सरळसोट रस्त्यानुसार दुसऱ्या अक्षरापासून, म्हणजे ‘ळ’पासून, पुन्हा सुरुवात करायची. ‘ळ’, ‘ळब’, आणि पुढे पुन्हा तोच ‘ळ’. त्याच जागी येऊन पुन्हा अडलो. हे आधीच कळायला हवं होतं, कारण भांडणारे दोन्ही ‘ळ’ या नव्या तुकड्यातही आहेतच. त्यांच्यातला पहिला मागे पडत नाही तोवर सुरुवात एकेका अक्षराने पुढे ढकलून काही मिळणार नाही. म्हणून सुरुवात थेट पहिल्या ‘ळ’च्या पुढे, ‘ब’वर न्यायची.

तिथून निघतानाही उजवं टोक मागे आणून पुन्हा पहिल्यापासून मोजायचं कारण नाही. ‘खळब’ हा तुकडा आपण तपासून झालेला आहे, म्हणजे त्याचा कुठलाही भाग निर्दोष असणारच. मोठ्या तुकड्यात एकही अक्षर पुन्हा आलेलं नसेल, तर त्याच्या पोटातल्या लहान तुकड्यात ते कुठून येणार? तेव्हा उजवं टोक आहे तिथेच राहू द्यायचं, डावं टोक पुढे घ्यायचं आणि काम चालू ठेवायचं.

सगळी पद्धत या दोन निरीक्षणांवर उभी आहे. कागदावर मजकूर लिहून त्यावर दोन्ही हातांची एकेक बोटं ठेवली की ती करून बघता येते. उजवं बोट एकेक अक्षर पुढे सरकतं आणि नवं अक्षर आत घेतं. नव्या अक्षराचं आतल्या एखाद्या अक्षराशी भांडण झालं, तर भांडणातलं जुनं अक्षर बाहेर पडेल एवढंच डावं बोट पुढे जातं. दोन बोटांमधला भाग हीच विंडो. तिची रुंदी कमीजास्त होते, पण तिची दोन्ही टोकं सरकतात ती पुढेच. म्हणून हिला स्लायडिंग विंडो म्हणतात आणि दोन टोकांच्या दोन खुणांमुळे टू-पॉइंटर पद्धतही म्हणतात.

आणखी एक गोष्ट जवळ लागते: कोणतं अक्षर शेवटचं कुठे दिसलं याची नोंद. प्रोग्रामिंगमध्ये तिच्यासाठी डिक्शनरी वापरतात. अक्षर दिलं की त्याची जागा लगेच मिळते, त्यामुळे विंडो पुन्हा चाळत बसावं लागत नाही. पायथनमध्ये सगळा प्रोग्राम एवढाच:

```python
def longest(s):
    last = {}
    left = best = 0
    for right, ch in enumerate(s):
        if ch in last and last[ch] >= left:
            left = last[ch] + 1
        last[ch] = right
        best = max(best, right - left + 1)
    return best
```

इथे `left` आणि `right` ही आपली दोन बोटं, `last` ही नोंद आणि `best` हे आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं उत्तर. प्रोग्रामिंगच्या रिवाजाप्रमाणे जागा शून्यापासून मोजल्या आहेत. आपल्या मजकुरात ० वर ख, १ वर ळ, २ वर ब, ३ वर ळ, ४ वर ज, ५ वर न, ६ वर क, ७ वर मोकळी जागा, ८ वर ख, ९ वर ब आणि १० वर र आहे. आता बोटं चालवू.

सुरुवातीला डावं बोट ० वर आहे. उजवं बोट ०, १, २ असं जातं, तिन्ही अक्षरं नवी आहेत. विंडोत ‘खळब’ आहे आणि `best` ३ झाला आहे. नोंदीत ख ०, ळ १, ब २ असं लिहिलेलं आहे.

उजवं बोट ३ वर येतं, तिथे ‘ळ’ आहे. नोंद सांगते की ‘ळ’ १ वर दिसला होता. डावं बोट ० वर आहे, म्हणजे १ ही जागा विंडोच्या आत येते. भांडण खरं आहे. डावं बोट उडी मारून २ वर जातं, नोंदीत ‘ळ’ची जागा ३ होते. विंडोत आता ‘बळ’ एवढंच उरलं, लांबी २. `best` मात्र ३ च राहतो, कारण विंडो आकसली म्हणून जुनं यश पुसलं जात नाही.

पुढची चार अक्षरं सुरळीत जातात. ज, न, क आणि मोकळी जागा या सगळ्या नव्या आहेत. विंडो ‘बळज’, ‘बळजन’, ‘बळजनक’ अशी वाढत जाते आणि उजवं बोट ७ वर येईपर्यंत तिची लांबी ६ होते. `best` सुद्धा ६.

आता उजवं बोट ८ वर आहे, आणि इथे सावकाश पाहायला हवं. अक्षर ‘ख’. नोंद म्हणते की ‘ख’ ० वर दिसला होता. पण डावं बोट आता २ वर आहे. तो जुना ‘ख’ केव्हाच विंडोच्या बाहेर पडला आहे, नोंदीत तेवढा उरला आहे. त्याच्याशी कसलं भांडण? म्हणून डावं बोट हलत नाही. विंडो २ पासून ८ पर्यंत पसरते, लांबी ७, `best` ७.

उजवं बोट ९ वर येतं, अक्षर ‘ब’. नोंदीत ‘ब’ २ वर आहे आणि डावं बोटही २ वरच उभं आहे, म्हणजे जुना ‘ब’ विंडोच्या अगदी कडेला असला तरी आतच आहे. डावं बोट ३ वर जातं. एक अक्षर गेलं, एक आलं, लांबी ७ ला ७. शेवटी १० वर ‘र’, नवं अक्षर. विंडो ३ ते १०, तुकडा ‘ळजनक खबर’, लांबी ८. उत्तर ८. या मजकुरात वेगवेगळी अक्षरंच मुळी आठ आहेत, त्यामुळे याहून लांब तुकडा निघणं शक्यच नव्हतं.

आठव्या जागेवरची ती तपासणी, म्हणजे प्रोग्राममधला `last[ch] >= left` हा भाग, विसरणं ही या प्रश्नातली सगळ्यात नेहमीची चूक आहे. अक्षर नोंदीत सापडलं की बेधडक त्याच्या पुढे उडी मारायची, असं लिहिलं जातं. मग ८ वर काय होईल? ‘ख’ची जुनी जागा ०, म्हणून डावं बोट १ वर जाईल. ते २ वर होतं, म्हणजे मागे आलं. विंडोत ‘ळबळजनक ख’ हा तुकडा येईल, त्यात ‘ळ’ दोनदा आहे आणि लांबी ८ मोजली जाईल.

गंमत म्हणजे एवढं होऊनही या मजकुराचं अंतिम उत्तर ८ च येतं, कारण खरं उत्तरही ८ आहे. चूक उत्तराच्या आड लपते. शेवटचं ‘बर’ काढून ‘खळबळजनक ख’ एवढंच दिलं की ती उघडी पडते: बरोबर प्रोग्राम ७ सांगतो, चुकलेला ८. म्हणून या प्रोग्रामची परीक्षा घेताना उत्तर जुळलं एवढ्यावर समाधान मानू नये. विंडोतून बाहेर गेलेलं अक्षर शेवटाला परत येईल असा छोटा मजकूर मुद्दाम द्यावा. `abba` हा त्यासाठी सगळ्यात लहान आणि भरवशाचा नमुना आहे: खरं उत्तर २, चुकलेल्या प्रोग्रामचं ३.

दुसरी चूक याच मजकुराने पकडता येते. काही जण लांबी फक्त भांडण झाल्यावर मोजतात, विंडो आकसण्याच्या आधी. आपल्याकडे भांडणं दोनच झाली, ३ वर आणि ९ वर, आणि त्या वेळी मोजलेल्या लांब्या ३ आणि ७ होत्या. सगळ्यात लांब तुकडा अगदी शेवटी तयार झाला, त्याच्यानंतर भांडण झालंच नाही, म्हणून तो मोजायचा राहून जातो आणि उत्तर ७ येतं. लांबी प्रत्येक पावलाला मोजली की हा घोळ होत नाही.

नव्याने शिकणाऱ्यांना मी उडीची पद्धत आधी देऊ नये अशा मताची आहे. त्याआधीची साधी पद्धत जास्त प्रामाणिकपणे शिकवते. तिच्यात जागांची नोंद नसते, विंडोत या क्षणी कोणती अक्षरं आहेत त्यांचा फक्त संच असतो. भांडण झालं की डावं बोट एकेक अक्षर बाहेर काढत पुढे जातं, भांडण मिटेपर्यंत:

```python
def longest(s):
    inside = set()
    left = best = 0
    for right, ch in enumerate(s):
        while ch in inside:
            inside.remove(s[left])
            left += 1
        inside.add(ch)
        best = max(best, right - left + 1)
    return best
```

इथे ३ वरच्या ‘ळ’साठी आधी ‘ख’ बाहेर जातो, मग जुना ‘ळ’ बाहेर जातो आणि डावं बोट २ वर पोचतं. ८ वर ‘ख’ येतो तेव्हा संचात ‘ख’ नसतोच, त्यामुळे बाहेरच्या अक्षराशी भांडण होण्याचा प्रश्नच उरत नाही. वरची पहिली चूक इथे करताच येत नाही.

हा प्रोग्राम पाहून एक शंका हटकून येते. `for` च्या पोटात `while` आहे, म्हणजे काम पुन्हा वर्गाच्या प्रमाणात वाढणार नाही का? ५०,००० गुणिले ५०,०००? पोटातलं प्रत्येक चक्र सुटं मोजलं तर तसं वाटतं. पण हिशेब अक्षरांच्या बाजूने करावा. प्रत्येक अक्षर विंडोत एकदाच शिरतं, आणि बाहेर पडलं तर एकदाच पडतं. बाहेर गेलेलं अक्षर परत आत येत नाही, कारण डावं बोट मागे फिरत नाही. म्हणून ५०,००० अक्षरांच्या मजकुरात उजव्या बोटाची ५०,००० पावलं आणि डाव्याची फार तर तेवढीच, सगळी मिळून १ लाखाच्या आत. आपल्या मजकुरात उजव्याची ११ पावलं झाली आणि डाव्याची ३. एखाद्या भांडणात डावं बोट खूप लांब जाईल, पण तेवढ्याने त्याची पुढची पावलं कमी होतात.

दोन बोटांची ही चाल सगळीकडे चालत नाही, आणि कुठे चालत नाही हे त्याच दोन निरीक्षणांवरून कळतं. समजा, मजकुराऐवजी आकड्यांची ओळ दिली आहे आणि बेरीज ५ पेक्षा जास्त होणार नाही असा सगळ्यात लांब सलग तुकडा हवा आहे. आकडे सगळे धन असतील तर पद्धत बिनधोक आहे, कारण बेरीज एकदा ५ च्या वर गेली की पुढे ती वाढतच जाणार. पण ओळ ५, ४, −६ अशी असेल तर? बोटं ५ घेतील, मग ४ घेतल्यावर बेरीज ९ झाली म्हणून ५ सोडून देतील, आणि शेवटी ‘४, −६’ या दोन आकड्यांवर थांबतील. खरं उत्तर मात्र तीन आकड्यांचं आहे, कारण तिन्हींची बेरीज ३ येते. इथे बिघडलेला तुकडा वाढवल्यावर सुधारला. पहिलं निरीक्षणच खोटं ठरलं, म्हणून डाव्या बोटाने ५ सोडला ती चूक झाली. अशा ओळीसाठी वेगळी पद्धत लागते.

मराठी मजकुरात मात्र पद्धत बरोबर असूनही उत्तर विचित्र येऊ शकतं. ‘खळबळजनक खबर’ मुद्दाम बिनकान्यामात्रांचं घेतलं त्याचं कारण हेच. वरच्या प्रोग्रामला ‘मामी’ देऊन पाहा. आपल्या दृष्टीने यात ‘मा’ आणि ‘मी’ ही दोन वेगळी अक्षरं आहेत, उत्तर २ हवं. प्रोग्राम ३ सांगतो. युनिकोडमध्ये ‘मामी’ हा शब्द म, काना, म, दीर्घ वेलांटी अशा चार खुणांचा आहे आणि पायथन त्या खुणा मोजतो. दुसऱ्या ‘म’शी भांडण झाल्यावर डावं बोट पहिल्या ‘म’च्या पुढे, म्हणजे थेट कान्यावर जाऊन उभं राहतं. विंडोत काना, म, वेलांटी अशा तीन खुणा येतात. तो तुकडा पडद्यावर छापला तर सुरुवातीचा काना एकटाच लटकलेला दिसतो, बहुतेक ठिकाणी ठिपक्यांच्या गोलाला चिकटून.

मजकूर बाइट-बाइटने वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये, उदाहरणार्थ सी++ च्या साध्या स्ट्रिंगमध्ये, गोष्ट आणखी बिघडते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइटची असते आणि तिचा पहिला बाइट नेहमी `E0`, दुसरा `A4` किंवा `A5`. ‘खळबळजनक खबर’ मधल्या सगळ्याच अक्षरांचा दुसरा बाइट `A4` आहे. दर तीन बाइटला तेच भांडण पुन्हा होतं, आणि ८ ऐवजी उत्तर येतं ५, तेही मध्ये मोकळी जागा आहे म्हणून. कोणत्याही मराठी मजकुराचं उत्तर संशयास्पदरीत्या लहान येऊ लागलं, तर आधी हेच तपासावं.

यावर उपाय करताना बोटांच्या चालीत काही बदलायचं नसतं, त्यांच्या पुढे काय ठेवायचं ते बदलायचं. मजकूर आधी डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांत तोडायचा आणि त्या तुकड्यांची यादी प्रोग्रामला द्यायची. पायथनसाठी वेगळं बसवावं लागणारं `regex` नावाचं मॉड्यूल आहे, त्यात `\X` ही खूण हे काम करते:

```python
import regex
longest(regex.findall(r'\X', 'मामी'))
```

आता यादीत ‘मा’ आणि ‘मी’ असे दोनच घटक आहेत आणि उत्तर २ येतं. वरचे दोन्ही प्रोग्राम यादीवर जसेच्या तसे चालतात, कारण त्यांना फक्त एकामागून एक येणारे आणि तुलना करता येणारे घटक लागतात. जोडाक्षरांच्या बाबतीत थोडं सांभाळावं लागतं. ‘विद्यार्थी’ या शब्दात युनिकोडच्या दहा खुणा आहेत, पण वाचताना आपण वि, द्या, र्थी अशी तीनच अक्षरं मोजतो. तोडण्याचे युनिकोडचे जुने नियम हलंत चिन्हानंतर तोडत, म्हणजे ‘द्या’चे ‘द्’ आणि ‘या’ असे दोन तुकडे होत. देवनागरीची जोडाक्षरं अखंड ठेवणारा नियम २०२३ मध्ये युनिकोड १५.१ सोबत आला. त्यामुळे आपल्याकडची आवृत्ती कोणते नियम पाळते हे ‘विद्यार्थी’ एवढा एक शब्द देऊन पाहावं. यादीत तीन घटक आले तर जोडाक्षरं अखंड राहतात, पाच आले तर नियम जुने आहेत.